पहिल्या मतापासून शेवटच्या मतापर्यंत

पेटीत १०० मतपत्रिका आहेत. त्यांतल्या ६० अनसूयाबाईंच्या, ४० बाबूरावांच्या. पेटी चांगली ढवळलेली आहे. मोजणारा एकेक मतपत्रिका काढतो, उघडतो, नाव वाचतो आणि फळ्यावर त्या नावापुढे एक रेघ ओढतो. शेवटी कोण निवडून येणार हे तर ठरलेलेच आहे. प्रश्न वेगळा आहे. पहिल्या मतपत्रिकेपासून शंभराव्यापर्यंत फळ्यावर सतत अनसूयाबाईच पुढे दिसतील, मध्ये एकदाही बरोबरी होणार नाही, याची शक्यता किती?

वीस मतांचा फरक म्हणजे घसघशीत विजय. त्यामुळे बहुतेक जण उत्तर पन्नास टक्क्यांच्या वरचे देतात, काही जण ऐंशीपर्यंतही जातात. खरे उत्तर आहे २० टक्के. म्हणजे अशी मोजणी पुन्हा पुन्हा केली, तर सरासरीने पाचपैकी चार वेळा अनसूयाबाईंना कधी ना कधी मागे पडावे लागेल किंवा निदान बरोबरीत यावे लागेल. आणि हे २० टक्के काढायला मोठी आकडेमोड लागत नाही. दोघांच्या मतांतला फरक २०, एकूण मते १००, एकाला दुसऱ्याने भागले की झाले. विजयी उमेदवाराची मते अ आणि पराभूताची मते ब असतील, तर शक्यता (अ − ब) ÷ (अ + ब).

एवढ्या गुंतागुंतीच्या प्रश्नाला इतके सुटसुटीत उत्तर मिळावे, याचेच गणितज्ञांना पहिल्यापासून नवल वाटत आले आहे. हे सूत्र इंग्लंडमध्ये विल्यम व्हिटवर्थ यांनी १८७८ मध्ये छापले होते. पण ते जगभर ओळखले जाते फ्रेंच गणितज्ञ जोसेफ बर्त्रां यांच्या नावाने. बर्त्रां यांनी १८८७ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात एक छोटे टिपण दिले. शेवटचे मत कोणाचे निघाले यावरून मोठ्या मोजणीचा प्रश्न एका मताने लहान मोजणीवर आणायचा, अशी त्यांची रीत होती. त्या रीतीने सूत्र मिळत होते, पण ते तसेच का यावे हे दिसत नव्हते. इतक्या सोप्या निष्कर्षाला याहून सरळ वाट असायला हवी, असे त्यांनी टिपणातच सुचवले. त्याच वर्षी देझिरे आंद्रे यांनी ती वाट दाखवून दिली. तीच वाट आपण आता पायरी पायरीने चालून पाहू.

आधी पाच मते

मोठ्या आकड्यांना हात घालण्याआधी एक लहान मोजणी पूर्ण मांडून बघितलेली बरी. अनसूयाबाईंना ३ मते, बाबूरावांना २. अनसूयाबाईंच्या मताला अ आणि बाबूरावांच्या मताला ब म्हणू. ही पाच मते पेटीतून एकूण दहा वेगवेगळ्या क्रमांनी बाहेर येऊ शकतात. पेटी नीट ढवळलेली असल्यामुळे दहाही क्रम सारख्याच शक्यतेचे आहेत. आता त्यांतले किती क्रम आपल्या अटीत बसतात ते पाहू.

पहिले मत अ हवेच, नाहीतर अनसूयाबाई पहिल्याच क्षणी मागे पडतात. दुसरे मतही अ हवे, कारण दुसरे ब निघाले तर एक-एक अशी बरोबरी होते. पहिली दोन मते अ-अ अशी ठरली, की उरतात एक अ आणि दोन ब. त्यांचे तीन क्रम होतात: अ-ब-ब, ब-अ-ब आणि ब-ब-अ. तिसऱ्या क्रमात चौथ्या मताला दोन-दोन अशी बरोबरी होते, म्हणून तो बाद. उरले दोन क्रम: अ-अ-अ-ब-ब आणि अ-अ-ब-अ-ब. दहापैकी दोन, म्हणजे पाचात एक. सूत्रही तेच सांगते: फरक १, एकूण मते ५.

पाच मतांसाठी हे बोटांवर मोजता येते. शंभर मतांच्या क्रमांची संख्या मात्र २९ आकडी आहे. तिथे यादी करणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. तिथे उपयोगी पडते ते चित्र.

मोजणीचा रस्ता

आलेखाच्या कागदावर एक आडवी रेघ ओढा. ही बरोबरीची रेघ. तिच्या डाव्या टोकापासून सुरुवात करायची. अनसूयाबाईंचे मत निघाले की एक घर उजवीकडे आणि एक घर वर जायचे, बाबूरावांचे निघाले की एक घर उजवीकडे आणि एक घर खाली. मोजणी पुढे सरकेल तसा एक चढउताराचा रस्ता तयार होतो. कुठल्याही क्षणी तो रेघेच्या जितका वर असेल तितकी अनसूयाबाईंची आघाडी, जितका खाली असेल तितकी बाबूरावांची.

मतांच्या प्रत्येक क्रमाचा असा एक आणि एकच रस्ता असतो. सगळे रस्ते एकाच बिंदूपासून निघतात आणि एकाच बिंदूवर संपतात, कारण अखेरचा निकाल ठरलेला आहे. त्यामुळे प्रश्न असा होतो: यांतले किती रस्ते सुरुवातीचा बिंदू सोडल्यास बरोबरीच्या रेघेला एकदाही शिवत नाहीत? जे शिवत नाहीत त्यांना आपण चांगले रस्ते म्हणू. उरलेले सगळे वाईट.

चांगले रस्ते थेट मोजणे अवघड आहे, कारण प्रत्येक पावलाला अट पाळली गेली की नाही हे तपासावे लागते. म्हणून उलट बाजूने जायचे आणि वाईट रस्ते मोजायचे. त्यांचे दोन गट पडतात. पहिल्या गटातले रस्ते ब पासून सुरू होतात. पहिलेच मत बाबूरावांचे निघाल्यावर पुढे काहीही झाले तरी अट मोडलेलीच असते, म्हणून हा गट सरसकट वाईट. दुसऱ्या गटातले रस्ते अ पासून सुरू होतात, पण पुढे कुठेतरी रेघेला शिवतात. पहिला गट मोजणे अगदी सोपे आहे. दुसरा अवघड वाटतो, कारण तो रेघेला कुठे आणि कितीदा शिवेल याचा काही नेम नसतो.

आता या युक्तिवादाचा गाभा: हे दोन्ही गट तंतोतंत सारख्याच संख्येचे आहेत.

हे जवळून पाहण्यासाठी अनसूयाबाईंना ५ आणि बाबूरावांना ३ मते आहेत असे धरू. दुसऱ्या गटातला एक रस्ता घ्या: अ-अ-ब-अ-ब-ब-अ-अ. आघाडी अनुक्रमे १, २, १, २, १, ० आणि मग १, २ अशी जाते. सहाव्या मताला रस्ता रेघेला पहिल्यांदा शिवतो. या पहिल्या स्पर्शापर्यंतचा तुकडा बरोबरीच्या रेघेत आरशासारखा उलटवा, म्हणजे पहिल्या सहा मतांत जिथे अ आहे तिथे ब लिहा आणि ब आहे तिथे अ. पुढच्या भागाला हात लावायचा नाही. नवा क्रम मिळतो: ब-ब-अ-ब-अ-अ-अ-अ. यात पाच अ आणि तीन ब आहेत का? आहेत, कारण बरोबरीपर्यंतच्या तुकड्यात दोघांची मते तीन-तीनच होती आणि ती अदलाबदल करूनही तीन-तीनच राहिली. नवा रस्ता त्याच शेवटच्या बिंदूवर पोचतो, फक्त आता तो ब पासून सुरू होतो. म्हणजेच तो पहिल्या गटातला झाला.

उलट दिशेनेही हे जमते. पहिल्या गटातला कोणताही रस्ता रेघेखालून निघतो आणि शेवटी रेघेच्या वर पोचतो. एका वेळी एकच घर वर किंवा खाली जायचे असल्यामुळे त्याला रेघ टाळून वर जाता येत नाही, कुठेतरी तिला शिवावेच लागते. त्या पहिल्या स्पर्शापर्यंतचा तुकडा उलटवला की दुसऱ्या गटातला एक रस्ता मिळतो. दोनदा उलटवले की मूळचा रस्ता परत येतो. म्हणजे पहिल्या गटातल्या प्रत्येकाला दुसऱ्या गटात एक जोडीदार आहे. कोणी एकटा उरत नाही आणि कोणाला दोन जोडीदार मिळत नाहीत.

आता हिशेब काही ओळींचाच राहिला. पाच अ आणि तीन ब यांचे एकूण ५६ क्रम होतात. ब पासून सुरू होणारे किती? पहिले ब काढून टाकले की पाच अ आणि दोन ब उरतात, त्यांचे २१ क्रम होतात. म्हणजे पहिला गट २१, दुसराही २१, एकूण वाईट ४२. चांगले १४. छप्पन्नात चौदा म्हणजे पाव, आणि सूत्रही दोन भागिले आठ असेच देते.

सर्वसाधारण सूत्रही याच ओघात येते. पहिले मत बाबूरावांचे असण्याची शक्यता ब ÷ (अ + ब), म्हणजे पेटीतला त्यांचा वाटा. जोड्या लागत असल्यामुळे दुसऱ्या गटाची शक्यता तेवढीच. एकूण अपयश २ब ÷ (अ + ब). एकातून हे वजा केले की राहते (अ − ब) ÷ (अ + ब).

ही आरशाची रीत पुस्तकांतून आंद्रे यांच्या नावावर सांगितली जाते. त्यांच्या मूळ टिपणात मात्र आरसा नाही. वाईट रस्त्यांच्या जोड्या लावून दोन गट समान दाखवायची कल्पना त्यांचीच, पण त्यांनी जोड्या लावल्या त्या क्रमाचे तुकडे करून, त्यांची जागा बदलून. रस्ता रेघेत उलटवायची आज रूढ असलेली मांडणी १९२३ च्या सुमारास एब्ली आणि मिरिमानोफ यांच्या लेखनातून आली. शेअरच्या किमती एखाद्या पातळीला शिवतील का, यासारख्या प्रश्नांतही तीच रीत आज वापरली जाते.

अपयश येते ते सुरुवातीलाच

सूत्र हाती आल्यावर ते आपल्या अंदाजापेक्षा इतके कमी का, हेही त्याच युक्तिवादातून उलगडते. ६०-४० च्या मोजणीत पहिलेच मत बाबूरावांचे निघण्याची शक्यता ४० टक्के. पहिले अनसूयाबाईंचे आणि दुसरे बाबूरावांचे, म्हणजे लगेच बरोबरी, याची शक्यता सुमारे २४ टक्के. या दोन मतांतच ६४ टक्के अपयश पदरात पडते. एकूण अपयश ८० टक्के आहे, म्हणजे त्यातले चार पंचमांश पहिल्या दोन मतपत्रिका उघडताच घडून जाते.

विजयाचा मोठा फरक हळूहळू साठत जातो. सुरुवातीला मात्र आघाडी एका-दोन मतांची असते आणि ती पुसायला एखादे मत पुरते. पहिली दोन्ही मते अनसूयाबाईंची निघाली, तर पुढे शेवटपर्यंत आघाडी टिकण्याची शक्यता एकदम ५६ टक्क्यांवर जाते.

इथे अट काटेकोर आहे हेही लक्षात ठेवायला हवे. बरोबरी चालेल, फक्त मागे पडायचे नाही, असे म्हटले तर उत्तर बदलते, पण नवा युक्तिवाद लागत नाही. मोजणीच्या आधीच अनसूयाबाईंना एक जादा मत देऊन ठेवायचे. त्यांची खरी मोजणी कधी मागे पडत नसेल, तर जादा मतासह त्या सतत काटेकोरपणे पुढेच असतील. म्हणून पाच-तीनच्या मोजणीत कधीच मागे न पडणारे रस्ते म्हणजे सहा-तीनच्या मोजणीतले चांगले रस्ते. सहा-तीनचे एकूण ८४ क्रम, त्यांचे तीन नवमांश म्हणजे २८. मूळच्या ५६ पैकी २८, म्हणजे निम्मे. अट किंचित सैल केली आणि शक्यता पावावरून निम्म्यावर आली.

पेटी ढवळलेली नसते तेव्हा

हे सूत्र खऱ्या निवडणुकीला कुठवर लागू पडते? यासाठी २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतला मुंबई वायव्य मतदारसंघ पाहू. रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ मते मिळाली आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६. फरक ४८ मतांचा. मतदान यंत्रांच्या बेरजेत कीर्तिकर एका मताने पुढे होते आणि टपाली मतांत वायकर ४९ मतांनी, त्यातून हा फरक आला. या दोघांची ९,०५,२४० मते एकाच पेटीत ढवळून एकेक काढली असती, तर विजयी उमेदवार पहिल्या मतापासून शेवटच्या मतापर्यंत पुढे राहण्याची शक्यता ४८ भागिले ९,०५,२४०, म्हणजे सुमारे १९ हजारांत एक इतकीच होती. बाकी उमेदवारांची मते मध्ये आली म्हणून हिशेब बिघडत नाही, कारण त्यांनी या दोघांतले अंतर बदलत नाही.

पण खरी मोजणी अशी होत नाही. पहिला फरक म्हणजे मते एकेक जाहीर होत नाहीत, फेरीने होतात. विधानसभा क्षेत्रागणिक साधारण १४ टेबले मांडतात आणि एका फेरीत १४ मतदान केंद्रांची यंत्रे मोजली जातात. समजा एका फेरीत दोन प्रमुख उमेदवारांची मिळून १०,००० मते मोजली गेली आणि निकाल ५२-४८ असा आहे. मते नीट मिसळलेली असतील, तर पहिल्या फेरीअखेर सरासरीने ४०० मतांची आघाडी दिसेल. नशिबाने त्यात होणारा चढउतार साधारण १०० मतांचा असतो. चारशेची आघाडी पुसली जायला त्याच्या चौपट चढउतार लागेल, आणि तसे हजार मोजण्यांत एकदाही होणे कठीण. पुढच्या प्रत्येक फेरीत आघाडी वाढत जाते, त्यामुळे धोका आणखी कमी होतो. म्हणजे एकाच निकालात मतागणिक सतत पुढे राहण्याची शक्यता फक्त ४ टक्के असते, आणि फेरीगणिक पुढे राहणे मात्र जवळजवळ निश्चित असते. फेरीचा आकडा बाहेर येईपर्यंत सुरुवातीचा नाजूक टप्पा आतल्या आत संपून गेलेला असतो.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. मते मिसळलेली नसतात. एका यंत्रात एकाच गावाची, वाडीची किंवा चाळींची मते असतात आणि ती केंद्रांच्या क्रमाने मोजली जातात. सूत्राची अट होती की प्रत्येक क्रम सारख्याच शक्यतेचा असावा. इथे ती मोडते. पहिल्या फेऱ्यांत एका उमेदवाराच्या बालेकिल्ल्यातली केंद्रे आली की त्याची आघाडी हजारांत जाते आणि दुसऱ्याच्या गावांची पाळी आली की ती वितळते. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद होती. कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे उघड होऊ नये हा तिचा हेतू होता. त्या मिसळण्याने मोजणी या सूत्राच्या कितीतरी जवळ जात असे.

यातूनच निकालाच्या दिवशी उपयोगी पडेल अशी एक कसोटी मिळते. दोन आकडे बघायचे: आघाडी किती आणि तोवर दोघांची मिळून मते किती मोजली. एकूण मतांचे वर्गमूळ काढायचे. १०,००० मते मोजली असतील तर १००, ९०,००० असतील तर ३००. आघाडीचा आकडा या वर्गमुळाच्या आसपास असेल, तर ती निव्वळ मते कोणत्या क्रमाने निघाली याचा परिणाम असू शकते. तिच्यावर कोणी हरल्या-जिंकल्याची भाषा करू नये. आघाडी वर्गमुळाच्या पाच-सहा पट असेल आणि तरीही पुढच्या फेऱ्यांत ती पालटली, तर ते नशिबाचे काम नाही. मोजणीची गाडी एका भागातून दुसऱ्या भागात गेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. मागे पडलेला उमेदवार अचानक पुढे आला की संशयाचे बोट यंत्राकडे जाते. पण त्याआधी त्या फेरीत कोणती केंद्रे मोजली गेली, ही यादी बघितली पाहिजे. केंद्रनिहाय आकडे उमेदवारांच्या प्रतिनिधींना टेबलावरच मिळतात, त्यामुळे ही तपासणी कोणालाही करता येते.

आघाडी सतत टिकणे ही विजयाच्या वैधतेची खूण नाही आणि ती मध्येच जाणे ही गैरप्रकाराची खूण नाही, हे आरशाच्या त्या युक्तिवादातून ठामपणे सांगता येते. मते पूर्ण ढवळलेली असताना, मोजणी अगदी प्रामाणिक असताना, ६० टक्के मते मिळवणारा उमेदवारही पाचपैकी चार वेळा कधी ना कधी बरोबरीत येतो किंवा मागे पडतो. निकाल अखेरच्या बेरजेत असतो. वाटेतला चढउतार फक्त मते कोणत्या क्रमाने हाती आली तेवढेच सांगतो.